दिल्लीच्या नळापासून गोमुखापर्यंत

पहिला दिवस : दिल्ली ते रुडकी

जून २०२४ चा पहिला पंधरवडा. दिल्लीत पारा पंचेचाळिशीच्या पुढे होता आणि टँकरमागे बादल्या घेऊन पळणारी माणसं रोज टीव्हीवर दिसत होती. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे पाण्याची बातमी आली की मी आधी विचारतो : कुठलं पाणी? दिल्लीत त्या आठवड्यात या प्रश्नाला दोन उत्तरं होती. वजिराबादच्या बंधाऱ्यावर यमुनेची पातळी ६७४.५ फूट असावी लागते, ती पाच-सहा फुटांनी खाली गेली होती. त्या पाण्यावरची शुद्धीकरण केंद्रं अर्धवट चालत होती. सोनिया विहारचं केंद्र मात्र गंगेच्या पाण्यावर चालतं आणि तिथे टंचाईची हाक नव्हती.

यमुना आणि गंगा दोन्ही हिमालयातून येतात, दोन्हींना बर्फाचं पाणी मिळतं. मग एक कोरडी आणि एक भरलेली, असं का? हे समजून घ्यायला पाण्याच्या उलट्या दिशेने वर, गंगा हिमनदीतून बाहेर पडते त्या गोमुखापर्यंत जायचं ठरवलं. सोबत पुतण्या होता. तो पुण्यात भूगोल शिकवतो.

सोनिया विहारला पाणी येतं ते मुरादनगरहून, सव्वातीन मीटर व्यासाच्या जलवाहिनीतून. दिल्लीचा ठरलेला वाटा ३०० क्युसेकचा आहे, म्हणजे दिवसाला साधारण ७३ कोटी लिटर. वर्षभराचा हिशेब केला तर साडेनऊ टीएमसी होतात. मुरादनगरला आम्ही वरच्या गंगा कालव्याच्या काठावर उभे राहिलो. कालवा तुडुंब वाहत होता आणि पोरं पुलावरून उड्या मारत होती. हा कालवा दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास गाळ काढायला बंद करतात आणि तो दिवाळीच्या आसपास पुन्हा सुटतो. तेवढे दिवस पूर्व दिल्लीच्या नळांना कमी पाणी येतं.

रुडकीला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. इथे सोलानी नदीवरून अख्खा कालवा पुलावरून नेला आहे. १८५४ मध्ये कालवा सुरू झाला, तेव्हापासून ते बांधकाम टिकून आहे. पाटबंधाऱ्याच्या माणसाने हात लावून बघावं असं काम आहे.

दुसरा दिवस : हरिद्वार, ऋषिकेश, चंबा

हरिद्वारला भीमगोडा बंधाऱ्यापाशी नदीचा मोठा हिस्सा कालव्यात वळतो. हर की पैडीला ज्या प्रवाहात लोक डुबक्या मारतात तोही कालव्याकडे जाणाराच फाटा आहे. गर्दी इतकी होती की आम्ही फार थांबलो नाही.

ऋषिकेशहून चंब्याचा घाट चढताना दरीत धूर भरलेला होता. चीडचं म्हणजे पाइनचं जंगल पेटलं होतं. चीडच्या वाळलेल्या सुयांना इथे पिरूल म्हणतात. उन्हाळ्यात त्यांचा जाड थर जमिनीवर साचतो आणि एक ठिणगी पुरते. या धुराचा आमच्या विषयाशी संबंध आहे. काजळी वर जाऊन बर्फावर बसते, पांढरा बर्फ मळकट होतो, ऊन परत फेकण्याऐवजी शोषून घेतो आणि लवकर वितळतो. त्या हिवाळ्यात मुळात बर्फ कमी पडला होता. गंगेच्या खोऱ्यात जमिनीवर बर्फ टिकण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा सुमारे १७ टक्के कमी असल्याची नोंद काठमांडूच्या आयसीमॉड या संस्थेने त्याच जूनमध्ये दिली.

तिसरा दिवस : टेहरी

दिल्लीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर टेहरीत मिळालं. भागीरथी म्हणजे गंगेचा वरचा प्रवाह. ती आणि भिलंगना यांच्या संगमाखाली २६०.५ मीटर उंचीचं माती-दगडाचं धरण आहे. उपयुक्त साठा सुमारे ९२ टीएमसी. आपल्या जायकवाडीचा उपयुक्त साठा ७६ टीएमसी आहे, त्यावरून अंदाज यावा. फरक असा की जायकवाडी पठारावर पसरलेलं आहे आणि टेहरी एका अरुंद दरीत उभं भरलेलं आहे. भरल्यावर पाणी समुद्रसपाटीपासून ८३० मीटरवर असतं आणि ७४० मीटरपर्यंत उतरवता येतं. नव्वद मीटरचा चढउतार!

आम्ही गेलो तेव्हा धरण जवळजवळ तळाला लागलेलं होतं. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर बोडक्या मातीचा पट्टा होता, त्यात पाणी उतरत गेल्याच्या आडव्या रेघा स्पष्ट मोजता येत होत्या. पुतण्या म्हणाला, "काका, हे तर आटलंय. मग दिल्लीला पाणी कुठून जातंय?"

हेच तर धरणाचं काम आहे. पावसाळ्यात, जून अखेरीपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत, ते भरून घेतात आणि मग हिवाळा-उन्हाळाभर थोडं थोडं सोडतात. मार्च ते जूनमध्ये वरून येतं त्यापेक्षा जास्त खाली जातं. पाणलोटात बर्फ कमी पडला, हिमनदी आटली, तरी त्या वर्षीच्या मे महिन्यात दिल्लीच्या नळाला ते कळणार नाही, कारण दिल्ली आदल्या वर्षीचा पाऊस पीत असते. यमुनेवर दिल्लीच्या वर असं एकही मोठं साठवण धरण उभं राहिलेलं नाही, लखवाड आणि रेणुका अजून पूर्ण व्हायची आहेत. म्हणून यमुनेत जे कमी येतं ते थेट वजिराबादच्या पट्टीवर दिसतं.

धरणाची ही उशी कायमची नाही. तिच्यात गाळ येतो, आणि तो कुठून येतो ते पुढे वर दिसलं. शिवाय जुनं टेहरी शहर या पाण्याखाली आहे. २००५ च्या ऑक्टोबरात बोगद्याचं दार बंद झालं आणि शहर बुडालं. काठावरच्या चहावाल्याने हात करून जिथे राजवाडा होता ती जागा दाखवली. त्याचं घर त्याच्याच खालच्या अंगाला होतं. धरणाने दिल्लीची तहान भागवली हे मी मघाशी सहज लिहून गेलो, पण त्याची किंमत या माणसाने मोजली आहे.

चौथा दिवस : उत्तरकाशी

टेहरीहून धरासूमार्गे उत्तरकाशी. धरासूपासून उत्तरकाशीपर्यंत नदी बघून पुतण्या गोंधळला, कारण पात्र मोठं आणि पाणी मात्र ओढ्याएवढं. उत्तरकाशीत जोशियाडा बराजवर नदी अडवून सोळा किलोमीटरच्या बोगद्यातून धरासूच्या वीजघरात नेतात. मधल्या टप्प्यात नदीला सोडलेलं पाणी तेवढंच. वर मनेरीलाही हीच रचना आहे. या प्रकल्पांमागे टेहरीसारखा साठा नाही, त्यामुळे नदीत येईल तसं पाणी चालवायचं. हिमनदीच्या पाण्याचा वेळ बदलला की पहिला फटका यांना बसतो. आणि पाण्यात गाळ वाढला की चाकांची पाती झिजू नयेत म्हणून जनित्रं बंद ठेवावी लागतात.

उत्तरकाशीत गोमुखाचा परवाना काढला. दिवसाला १५० माणसांनाच सोडतात. हॉटेलात बादलीभर पाणीच मिळालं. समोर भागीरथी गर्जत होती, खिडकीतून तिचा आवाज रात्रभर झोपू देत नव्हता, आणि नळ कोरडा. मालक म्हणाले, "साहेब, नदीचं पाणी वर कोण चढवणार? आमची लाइन गदेऱ्यावरून येते." गदेरा म्हणजे डोंगरातून उतरणारा ओढा. भागीरथीकाठच्या बहुतेक गावांचं पाणी असंच येतं : नदीतून नाही, बाजूच्या डोंगरातल्या गदेऱ्यातून किंवा झऱ्यातून. हे वाक्य मी डायरीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

पाचवा दिवस : हर्षिल, धराली, गंगोत्री

भटवाडीच्या पुढे दरी अरुंद होते. हर्षिलला एकदम उघडते, सफरचंदाच्या बागा लागतात. पलीकडे मुखबा, जिथे हिवाळ्यात गंगेची मूर्ती नेतात. आम्ही धरालीत राजमा-भात जेवलो. पुढच्या वर्षी, ५ ऑगस्ट २०२५ ला, त्या बाजारावर खीरगंगेतून चिखल-दगडांचा लोंढा आला आणि ती दुकानं गाडली गेली. हे लिहिताना ते वाढणारे हात डोळ्यांपुढे येतात. वरच्या उंचीवर सुटं झालेलं दगडमातीचं ढिगारं, त्यात पाणी आणि खाली अरुंद वाट, अशी जागा या खोऱ्यात एकच नाही.

गंगोत्रीला थंडी आणि गर्दी दोन्ही. सूर्यकुंडाच्या धबधब्यापाशी पाणी राखाडी रंगाचं होतं. वर हिमनदी खडक घासत सरकते, त्याचं पीठ होतं आणि ते पाण्यात तरंगतं. पावसाच्या पाण्याला असा रंग येत नाही.

सहावा दिवस : गंगोत्री ते भोजबासा

चौदा किलोमीटर चाल. कनखूच्या नाक्यावर परवाना तपासला. चीडबासापर्यंत झाडं, त्यानंतर उजाड डोंगर. चीडबासा ते भोजबासा या टप्प्यात वरून दगड सुटतात. गाईडने आम्हाला तो पट्टा न बोलता, न थांबता पार करायला लावला. भोजबासाच्या नावातला भूर्ज आता थोडाच उरला आहे.

इथल्या मुक्कामात आम्ही दोन साधी कामं केली. संध्याकाळी सहा वाजता नदीच्या काठावरच्या एका मोठ्या दगडावर, पाणी जिथे लागत होतं तिथे, पुतण्याने खडूने रेघ मारली. सकाळी साडेसहाला जाऊन पाहिलं तर पाणी दीड वीत खाली होतं आणि आवाजही निम्मा झाला होता. रात्री पाऊस नव्हता. हे बर्फावर चालणाऱ्या नदीचं लक्षण आहे. दुपारी ऊन तापतं, बर्फ वितळतो, ते पाणी हिमनदीच्या आतल्या भेगा-बोगद्यांतून वाट काढत संध्याकाळी मुखाशी पोचतं. पहाटे सगळं गोठलेलं, म्हणून सकाळी पाणी कमी. उन्हाळा पुढे सरकतो तसे आतले बोगदे रुंद होतात आणि ही दुपार-संध्याकाळची दिरंगाई कमी होते. सह्याद्रीतल्या नदीला असं रोजचं घड्याळ नसतं. तिला एकच मोसम ठाऊक.

दुसरं काम बाटलीचं. संध्याकाळच्या पाण्याची एक लिटरची बाटली भरून तंबूत उभी ठेवली. सकाळी वर पाणी निवळ होतं आणि तळाला नखाच्या जाडीचा राखाडी थर. बोटांत घेतला तर मैद्यासारखा, पण दातांखाली करकरणारा. एका बाटलीत एवढा, आणि असं पाणी मे ते सप्टेंबर दिवसरात्र वाहतं. मनेरीची चाकं झिजवणारा आणि टेहरीच्या तळाशी बसणारा गाळ तो हाच, आणि हिमनदी मागे हटली की तिच्या जागी उघडी पडलेली सुटी माती-दगड त्यात भर घालतात.

सातवा दिवस : गोमुख

भोजबासाहून चार किलोमीटर. आता थेट मुखाशी जाऊ देत नाहीत, काही अंतरावर थांबवतात, आणि ते योग्यच आहे. बर्फाचे मोठाले तुकडे न सांगता सुटतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याची इथे निराशा होते. पांढरी शुभ्र भिंत असेल असं वाटतं, आणि दिसतो दगडमातीने झाकलेला मळकट डोंगर. त्याच्या पायथ्याशी निळसर बर्फाचा कापलेला कडा आणि खालून उसळणारी भागीरथी. मागे शिवलिंग आणि भागीरथी शिखरं.

या दगडमातीच्या आवरणाबद्दल थोडं सांगायला हवं. बर्फावर दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा पातळ थर असेल तर तो तापतो आणि खालचा बर्फ लवकर वितळवतो. थर जाड झाला की उलट, बर्फाला ऊन लागत नाही. गंगोत्री हिमनदीच्या खालच्या भागावर जाड आवरण आहे. म्हणून तिचं मुख दरवर्षी किती मीटर मागे गेलं एवढ्यावरच तिची तब्येत ठरवता येत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जॉन ऑडेन यांनी १९३५ मध्ये या मुखाचा नकाशा केला होता. तिथून १९९६ पर्यंतची सरासरी पाहिली तर मुख वर्षाला साधारण १९-२० मीटर मागे सरकलं, त्यानंतरच्या काही वर्षांत वेग कमी मोजला गेला. त्यावरून "हिमनदी सावरली" असं म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. मुख जागच्या जागी राहूनही हिमनदी वरून खाली बारीक होत जाते, आणि पाण्याच्या हिशेबात बर्फाची जाडी मोजावी लागते, नुसती लांबी नाही. चतुरंगीसारख्या बाजूच्या हिमनद्या मुख्य धडापासून तुटल्या आहेत, हेही याच आजाराचं लक्षण.

आता हिशेब. आयआयटी इंदूरच्या संशोधकांनी १९८० ते २०२० या काळासाठी गंगोत्री हिमनदी-समूहातून येणाऱ्या पाण्याचं गणित मांडलं आहे. वर्षाची सरासरी सेकंदाला सुमारे २८ घनमीटर. आपल्या भाषेत वर्षाला ३१ टीएमसी. त्यात ६४ टक्के त्या-त्या हंगामात पडलेल्या बर्फाचं पाणी, २१ टक्के हिमनदीच्या बर्फाचं, ११ टक्के पावसाचं आणि उरलेलं जमिनीतून झिरपणारं. पुन्हा वाचा : गोमुखापाशीसुद्धा पाण्याचा मोठा वाटा हिवाळ्यात पडलेल्या ताज्या बर्फाचा आहे, जुन्या हिमनदीचा नाही. हिमनदीचे २१ टक्के म्हणजे साडेसहा टीएमसी. दिल्लीचा वर्षाचा वाटा साडेनऊ टीएमसी, टेहरीचा साठा ९२. हिमनदीचा बर्फ उद्या नाहीसा झाला तरी "गंगा आटेल" हे खरं नाही. भागीरथी आणि अलकनंदा मिळून गंगा होते त्या देवप्रयागपर्यंतसुद्धा बर्फ आणि हिमनद्या मिळून वर्षाच्या पाण्याचा तीस टक्क्यांच्या आसपास वाटा उचलतात, बाकी पाऊस आणि झरे. पुढे मैदानात तो वाटा आणखी कमी.

मग चिंता कशाची? वेळेची. त्याच अभ्यासात दिसतं की १९९० नंतर पाण्याचा कळस ऑगस्टवरून जुलैवर आला. हिवाळी बर्फ कमी पडतो आणि लवकर वितळतो. कमी बर्फाच्या वर्षी हिमनदी ती तूट भरून काढते : वरचा पांढरा थर लवकर गेला की खालचा काळपट जुना बर्फ उघडा पडतो आणि जास्त वितळतो. म्हणून आज नदीत पाणी फारसं कमी झालेलं दिसत नाही. आपण मुद्दल खर्च करून चालवतो आहोत. एका मर्यादेपर्यंत वितळण्याचं पाणी वाढत जातं, मग बर्फच लहान झाल्यामुळे उतरू लागतं. गंगेच्या वरच्या खोऱ्यांसाठी ही उतरंड या शतकाच्या मध्याच्या आसपास सुरू होईल असं बहुतेक गणितं सांगतात. लहान हिमनद्यांच्या बाबतीत ती आधी येते. तूट येईल ती पावसाआधीच्या मे-जूनमध्ये आणि पाऊस दगा देईल त्या वर्षी. तेव्हा पाठीशी टेहरी असलेला तगेल, नसलेला नाही.

पुतण्याने विचारलं, "म्हणजे दिल्लीवाल्यांनी काळजी करायची नाही?" मी म्हटलं, गंगेच्या ३०० क्युसेकची लगेच नको. यमुनेच्या पाण्याची आजच करायला हवी.

परतीचा दिवस : भटवाडीच्या वरचं एक गाव

उतरताना आमच्या गाईडच्या मामांकडे एक रात्र थांबलो. गाव रस्त्यापासून तासभर चढावर, नदीपासून पाच-सहाशे मीटर उंचीवर. तिथून भागीरथी रेघेसारखी दिसते. गावाचं पाणी गदेऱ्यातून काळ्या प्लास्टिक पाइपने येतं. वरच्या बुग्यालावर म्हणजे कुरणावर मार्च-एप्रिलपर्यंत बर्फ टिकायचा आणि तो हळूहळू जमिनीत मुरून गदेऱ्याला मे-जूनभर पुरायचा. त्या गदेऱ्यावर हिमनदी नाहीच. मामा म्हणाले की आताशा बर्फ जानेवारीऐवजी फेब्रुवारी-मार्चला पडतो, ओला असतो, आठ-दहा दिवसांत वाहून जातो. मुरायला वेळच मिळत नाही. त्या आठवड्यात पाइपातून पाणी पहाटे दोन तास येत होतं आणि घरटी भांडी रांगेत लावलेली होती.

मी पाटबंधाऱ्याच्या सवयीने विचारलं, टाकी किती लिटरची, पाइप किती इंची, धार किती. घड्याळ लावून बादली भरली तर पंधरा लिटरला पावणेदोन मिनिटं लागली. या धारेने दोन तासांत हजार-एक लिटर होतात आणि गावात तीस-बत्तीस घरं. घरटी दोन-तीन कळश्या, त्यात जनावरंही. सबंध गोमुखाच्या पाण्याचा हिशेब मी डायरीत मांडला होता, पण टंचाई प्रत्यक्ष मोजता आली ती या बादलीत.

गावकऱ्यांनी त्यावर दोन गोष्टी ठरवल्या आहेत. वरच्या उतारावर समपातळीत चर खणायचे, म्हणजे येईल तो बर्फ आणि पाऊस थोडा जिरेल. त्यातले काही खणलेही होते. उतार फार तीव्र असेल तिथे चर फुटून जमीन घसरते, म्हणून बांजच्या म्हणजे ओकच्या झाडांखालची सौम्य जागा निवडली होती. आणि पाइप सध्याच्या जागेपासून दोन किलोमीटर वर, दुसऱ्या गदेऱ्यावर न्यायचा. तो गदेरा उंचावरून येतो, त्याच्या माथ्याशी अजून एक छोटी हिमनदी आहे. मी मामांना सांगितलं की ती लहान आहे, वीस-तीस वर्षांचा भरवसा धरू नका, चरांचं काम सोडू नका. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, पाइपाचे पैसे ऑक्टोबरपर्यंत जमतील, चरांना मजूर गावातलेच आहेत, ते पावसाआधी पुरे करतो.